टायरचा फोटो पाठवून ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टायर बदलण्याची वेळ आली की आमचे बरेच ग्राहक जुन्या टायरच्या कडेवरील आकड्यांचा फोटो पाठवतात आणि ‘हीच साइज द्या, बरोबर आहे ना?’ असे विचारतात. या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न असतात. फोटोतील आकडे नीट वाचले गेले आहेत का, हा पहिला. आणि ती साइज त्या गाडीसाठी योग्य आहे का, हा दुसरा. फोटोवरून पहिल्या प्रश्नाचेच उत्तर देता येते. गाडीला सध्या कोणता टायर बसवलेला आहे एवढेच फोटो सांगतो. कोणता बसवलेला असायला हवा होता, हे तो सांगू शकत नाही. गाडी नवीन घेतल्यापासून आपल्याकडेच असेल आणि टायर एकदाही बदललेले नसतील, तर दोन्ही उत्तरे सहसा एकच निघतात. जुनी घेतलेली गाडी असेल, तर तसे गृहीत धरता येत नाही.

आधी आकडे पाहू. टायरच्या कडेवर ‘१८५/६५ आर १४ ८६ टी’ असे लिहिलेले असेल, तर १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी असते. ६५ हे मिलिमीटर नसून टक्के आहेत : टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचांमधील व्यास. शेवटचा ८६ हा भारांक असून त्याचा अर्थ योग्य हवा असताना एका टायरवर ५३० किलोपर्यंत भार चालतो. ‘टी’ हे अक्षर ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा दाखवते. नवा टायर घेताना भारांक आणि वेगाचे अक्षर गाडीच्या कंपनीने सांगितल्याइतके किंवा त्याहून वरचे असावे, खालचे असू नये. फोटो काढताना नेमका हा शेवटचा भाग बहुतेक वेळा कापला जातो.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. चौदा इंची लोखंडी रिम असलेली जुनी स्विफ्ट विकत घेतलेल्या ग्राहकाने पुढच्या टायरचा फोटो पाठवला आहे, असे समजू. फोटो स्वच्छ आहे आणि त्यावर वर दिलेलेच १८५/६५ आर १४ ८६ टी हे आकडे आहेत. पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले आहेत, मागच्या दोन टायरची नक्षी अजून निम्मी शिल्लक आहे, आणि ग्राहकाला दोनच टायर घ्यायचे आहेत. आकडे वाचण्यात काही चूक नाही. तरीही आम्ही लगेच ‘बरोबर’ असे उत्तर देत नाही. चालकाच्या बाजूचे दार उघडून खांबावर चिकटवलेल्या हवेच्या पट्टीचा फोटो मागतो.

स्विफ्टच्या अनेक वर्षांच्या मॉडेलांत साध्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ आणि वरच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर १५ असे टायर कंपनीकडून येतात. अशा गाडीच्या पट्टीवर दोन्ही साइज छापलेल्या असल्या, तर घोटाळ्याला तिथूनच वाट मिळते. पट्टीवर ‘१८५/६५’ दिसले, टायरवरही ‘१८५/६५’ दिसले, म्हणजे जुळले, असे वाटते. पण पट्टीवरची ती साइज पंधरा इंची रिमची आहे आणि या गाडीची रिम चौदा इंची आहे. आधीच्या मालकाने रुंद टायरच्या हौसेने म्हणा किंवा दुकानात तोच उपलब्ध होता म्हणून म्हणा, वरच्या व्हेरिएंटची रुंदी आणि टक्के घेऊन खालच्या व्हेरिएंटची रिम कायम ठेवली असावी. चौदा इंची रिमवर पट्टीनुसार १६५/८० हवा. पट्टीवर एकापेक्षा जास्त साइज असतील, तेव्हा शेवटच्या आकड्यापासून मागे वाचत यावे, अशी आमची सूचना आहे : आधी रिम, मग बाकीचे.

फरक किती पडतो, हे हिशेबाने कळते. कडेची उंची दुप्पट करून तिच्यात रिमचा व्यास मिळवला की चाकाचा एकूण व्यास निघतो. १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, एकूण जवळपास ६२० मिलिमीटर. वरच्या व्हेरिएंटच्या १८५/६५ आर १५ चा एकूण व्यास साधारण ६२१.५ मिलिमीटर येतो. रिम एक इंचाने वाढली, पण टायरची कड तेवढ्याच मापाने कमी केल्यामुळे चाक जवळजवळ तेवढेच राहिले. कंपनीने दोन्ही साइज अशा जाणीवपूर्वक जुळवलेल्या असतात. फोटोतील १८५/६५ आर १४ चा व्यास मात्र ५९६ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळ चाकापेक्षा जवळपास ४ टक्के लहान.

चाक लहान झाले की तेवढेच अंतर जाण्यासाठी ते जास्त फिरते, आणि वेगाचा काटा व किलोमीटरचे मीटर चाकाच्या फिरण्यावरच चालतात. त्यामुळे एरवी जेथे गाडी खरोखर ताशी ८० च्या वेगाने जात असती, तेथे ती आता सुमारे ७७ ने जाते. मीटरवर दहा हजार किलोमीटर पडतात तेव्हा प्रत्यक्ष धाव सुमारे ९,६०० असते. जुन्या गाडीचा ‘ॲव्हरेज’ कागदावर चांगला दिसतो, त्यामागे कधी कधी एवढेच कारण असते. गाडी जमिनीपासून सुमारे १२ मिलिमीटर खाली येते आणि गतिरोधकावर तळ घासू लागतो. उलट मूळ मापापेक्षा मोठे चाक बसवले, तर काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू शकतो, आणि ती चूक आम्हाला अधिक गंभीर वाटते.

या ग्राहकाला आमचे उत्तर दोन भागांत जाते. चारही टायर बदलण्याची तयारी असेल, तर १६५/८० आर १४ घ्यावेत आणि भारांक ८५ किंवा त्याहून वरचा असावा; ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो. दोनच टायर घ्यायचे असतील, तर पुढे १६५/८० आणि मागे १८५/६५ असे मिश्रण करू नये. दोन्ही ॲक्सलची चाके कायम वेगवेगळ्या गतीने फिरत राहतात, आणि चाकांच्या गतीची तुलना करून ब्रेक सांभाळणारी एबीएस यंत्रणा गोंधळून तिचा दिवा लागू शकतो. अशा वेळी, मागचे टायर संपेपर्यंत पुढेही १८५/६५ आर १४ च बसवणे हा कमी वाईट पर्याय आहे, असे आमचे मत आहे. ८६ हा भारांक गाडीच्या गरजेपेक्षा कमी नाही आणि काट्याची चूकही सुरक्षित बाजूची आहे. रिमची रुंदी मात्र तपासावी लागते. रिमवर ‘५ जे’ लिहिलेले असेल तर ती पाच इंच रुंद असते, आणि १८५/६५ साठी ती चालणाऱ्या रुंदीच्या अगदी खालच्या टोकाला येते. पुढच्या वेळी चारही टायर मूळ साइजचे घ्यायचे, हे आम्ही बिलावर लिहून देतो.

फोटोत टायर १८५/७० आर १४ असता, तर उत्तर बदलले असते. त्याचा व्यास सुमारे ६१५ मिलिमीटर येतो, म्हणजे फरक एक टक्क्याहून कमी राहतो. साध्या स्विफ्टला रुंद टायर हवा असणारे बरेच जण हाच निवडतात. तो पट्टीवर नसतो आणि त्यामुळे आम्ही तो स्वतःहून सुचवत नाही. पण आधीच बसवलेला असेल, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासत नसेल आणि भारांक पुरेसा असेल, तर तसाच दुसरा देण्यास आमची हरकत नसते.

फोटोतील एक गोष्ट विशेष फसवी असते, ती म्हणजे स्टेपनी. डिकी उघडून स्टेपनीचा फोटो काढणे सोपे आणि कपडे न मळवणारे असल्याने अनेक जण तोच पाठवतात. जुन्या साध्या गाडीत स्टेपनी बहुधा कंपनीचीच, कधीही न बदललेली असते. वरच्या उदाहरणात ती १६५/८० आर १४ निघाली, तर पट्टीला भक्कम दुजोरा मिळतो. परंतु वरच्या व्हेरिएंटच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी मुद्दामच लहान दिलेली असते, आणि तिच्यावरून चारही टायरची साइज ठरवली तर सगळेच चुकते. म्हणून स्टेपनीचा फोटो जरूर पाठवावा, पण सोबत तसे लिहावे.

फोटो काढण्यापूर्वी टायरची कड ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. काळ्यावर काळी अक्षरे नीट दिसत नसतील, तर त्यांवर पांढरा खडू आडवा फिरवावा. अक्षरे उठून दिसतात. मातीने भरलेला ६ हा ८ सारखा दिसतो आणि १६५ चे १८५ होते, हा प्रकार आम्ही वरचेवर पाहतो. फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल टायरच्या समोर सरळ धरून, साइजच्या सुरुवातीपासून वेगाच्या अक्षरापर्यंतचा संपूर्ण भाग एका चौकटीत घ्यावा. चारही टायरचे वेगवेगळे फोटो असल्यास उत्तम, कारण पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या साइजचे असल्याचे मालकालाच माहीत नसते, असेही आढळते.

टायर किती जुना आहे हेही विचारले जाते. त्यासाठी ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटचे चार आकडे लागतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेलेली असू शकते. तेव्हा बाहेरून काढलेल्या फोटोत तारीख दिसली नाही, याचा अर्थ ती नाहीच असा नव्हे. कडेवर सर्वाधिक हवेचा जो आकडा छापलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे. गाडीत किती हवा भरायची, हे दाराच्या पट्टीवरच पाहावे.

साइज फोनवर निश्चित झाली असली, तरी नवा टायर रिमवर चढवण्यापूर्वी त्याची साइज, भारांक, वेगाचे अक्षर आणि तारीख आपण स्वतः वाचून घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. रिमवर चढवून रस्त्यावर चाललेला टायर आम्हाला परत घेता येत नाही.