वरण मोजताना होणारी चूक : फूड डायरीचे स्क्रीनशॉट पाठवण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार. आमच्याकडे डाएट फॉलोअप घेणाऱ्या सगळ्यांसाठी हा कागद आहे, कारण मागचे काही महिने रोज कुणाचा ना कुणाचा एकच मेसेज येतो, "ताई, ॲप तर म्हणते प्रोटीन पूर्ण झालं, मग तुम्ही कमी कसं सांगता?" प्रत्येकाला फोनवर समजवायला वीस मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचा चार्ट मागे राहतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलं.

आधी आमची पद्धत. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवले की आम्ही प्रत्येक पदार्थ हाताने शीटमध्ये टाकतो, नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण असं वेगवेगळं, आणि प्रत्येक वेळच्या जेवणाचं प्रोटीन, कार्ब आणि फॅट वेगळं जोडतो. ॲपचा तो गोल रंगीत चक्रवाला आकडा आम्ही वापरत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही उगाच वेळ लावतो, पण त्या चक्रात दिवसाची फक्त बेरीज असते, बेरजेत काय चुकलं ते त्यात दिसतच नाही.

आणि चुकतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. कच्ची डाळ आणि शिजलेलं वरण.

धरमपेठेतल्या आमच्या एका ताईंचं उदाहरण त्यांना विचारूनच देतो. त्यांचं रोजचं टार्गेट प्रोटीन ७५ ग्रॅम, कार्ब २७० आणि फॅट ५५. सकाळी तर्री पोहे आणि चहा, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर वरण, भात, भाजी, संध्याकाळी चहा आणि मूठभर फुटाणे, रात्री ज्वारीच्या दोन भाकरी आणि झुणका. ॲपवर दिवसाची बेरीज आली प्रोटीन ७८, कार्ब ३३९, फॅट ४९. म्हणजे प्रोटीन पूर्ण आणि कार्ब ६९ ग्रॅम जास्त. ते बघून त्यांनी चार दिवस रात्रीची भाकरच बंद केली, आणि मग थकवा येतो म्हणून आम्हाला फोन.

जेवणवार बेरीज केल्यावर सकाळचं प्रोटीन १०, संध्याकाळचं ८, रात्रीचं १४ आणि दुपारचं एकदम ४६ निघालं. साध्या वरण-भात-पोळीतून ४६ कुठून येणार? यादी उघडायला लावली तर वरणाच्या जागी `Toor dal, raw` अशी नोंद आणि पुढे १५० ग्रॅम. त्यांनी वाटी काट्यावर ठेवली होती, वजन अगदी बरोबर घेतलं होतं, पण ते वरणाचं वजन होतं आणि निवडलेली नोंद कोरड्या डाळीची. १५० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत ३३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि ८४ ग्रॅम कार्ब असतात, आणि त्यांच्या त्या वाटीत कोरडी डाळ होती फक्त ३० ग्रॅम, बाकी सगळं पाणी. म्हणजे प्रोटीन ७ आणि कार्ब १७.

दुरुस्त केल्यावर दुपारचं प्रोटीन ४६ वरून २० वर आलं आणि कार्ब १७८ वरून १११ वर. फॅट मात्र १५ चं १८ झालं कारण वरणाच्या फोडणीचं तेल लिहिलंच नव्हतं. दिवसाची खरी बेरीज प्रोटीन ५२, कार्ब २७२, फॅट ५२. कार्ब अगदी टार्गेटवर होते, भाकर बंद करायची काहीच गरज नव्हती, आणि खरी कमतरता होती ती २३ ग्रॅम प्रोटीनची, जी ॲपने पूर्ण दाखवली होती. एका नोंदीने दोन्ही निष्कर्ष उलटे केले.

ही चूक घरच्या घरी ओळखायची असेल तर त्या एका पदार्थाच्या कॅलरी बघा. वाटीभर वरणाला ४८० च्या वर कॅलरी दिसल्या की समजा ती कोरड्या डाळीची नोंद आहे, फोडणी धरूनही ते दीडशेच्या आसपास असतं. काही जण प्रोटीन आणि कार्बला ४ ने आणि फॅटला ९ ने गुणून कॅलरीशी ताळा करतात, चांगली सवय आहे, त्याने एखाद्या नोंदीत फॅट भरायचंच राहिलं असेल तर ते सापडतं, पण कच्च्या-शिजलेल्याची चूक त्याने सापडत नाही कारण कोरड्या डाळीची नोंद स्वतःपुरती बरोबरच असते. भाताचंही तसंच, १५० ग्रॅम भाताला साधारण ४२ ग्रॅम कार्ब येतात, तेच तांदूळ म्हणून टाकलं तर ११५ च्या वर.

उपाय एकदाच करायचा आहे. ज्या गंजात वरण करता तो आधी रिकामा मोजून ठेवा. कोरडी डाळ मोजा, फोडणीचं तेल चमच्याने मोजा, वरण तयार झालं की गंजासकट वजन करा आणि गंजाचं वजन वजा करा. या ताईंच्या घरी चार जणांसाठी १२० ग्रॅम डाळ आणि ४ छोटे चमचे म्हणजे २० ग्रॅम तेल लागतं आणि तयार वरण भरतं ६०० ग्रॅम. ॲपमध्ये हीच रेसिपी डाळ आणि तेल टाकून सेव्ह करायची, एकूण वजन ६०० लिहायचं, मग १५० ग्रॅम वाढलं की ३० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल आपोआप धरलं जातं. वरण रोज पातळ-घट्ट होतं हे खरं, पण डाळीचं माप तेच असेल आणि तुम्ही चौथा हिस्सा घेत असाल तर फरक पडत नाही.

ज्यांना हे किचकट वाटतं त्यांनी आपली नेहमीची वाटी आणि डब्यात घरचं वरण घेऊन ऑफिसला या, आमच्या काट्यावर मोजून तुमच्याच फोनमध्ये रेसिपी सेव्ह करून देतो, फॉलोअपवाल्यांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. तर्री पोहे आणि झुणका पण त्याच वेळी करून घ्या, कारण तर्रीवरचं तेल साध्या पोह्यांच्या नोंदीत कधीच नसतं.

स्क्रीनशॉट पाठवताना जेवणाची यादी उघडलेली हवी, पदार्थाचं पूर्ण नाव आणि ग्रॅम दोन्ही दिसले पाहिजेत. यादी लांब असेल तर दोन फोटो पाठवा पण दुसऱ्यात पहिल्याची शेवटची ओळ येऊ द्या, म्हणजे मधलं काही सुटलं नाही आणि काही दोनदा जोडलं नाही हे आम्हाला कळतं. आम्ही पुन्हा स्क्रीनशॉट मागितला तर प्लीज रागावू नका, अंदाजाने आकडा भरून चार्ट देणं आम्हाला पटत नाही.

कमतरता आम्ही एका दिवसावरून ठरवत नाही, तीन दिवस लागतात आणि त्यात एक रविवार पाहिजे. ३-४ ग्रॅमचा फरक सोडून देतो, वाटी-चमच्याच्या मापात तेवढा होतोच. या ताईंचे तिन्ही दिवस सारखेच निघाले, तेव्हा आम्ही दुपारला हातच लावला नाही. सकाळी दोन उकडलेली अंडी, त्याचं १२ च्या वर प्रोटीन, आणि संध्याकाळी फुटाण्यांसोबत ५० ग्रॅम पनीर, त्याचं ९ च्या आसपास. फॅट वाढतं म्हणून झुणक्यातलं तेल दोन चमच्यांवरून एकावर आणि पोह्यांवरची तर्री निम्मी. अंडी नको असतील तर २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स, १३ ग्रॅम प्रोटीन, आणि हो, ते पण भिजवायच्या आधी मोजायचे आणि कोरड्याचीच नोंद निवडायची.

किडनीचा त्रास असणाऱ्यांचं प्रोटीनचं टार्गेट आम्ही ठरवत नाही, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडा आणा, त्यावर बेरीज करून देऊ.

आदल्या दिवसाचे स्क्रीनशॉट सकाळी १० च्या आत आले तर जेवणवार तक्ता त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मिळेल, उशिरा आले तर दुसऱ्या दिवशी.