सलूनच्या मेन्यूतील पॅकेज आणि अ‍ॅड-ऑन

सलूनचा मेन्यू छापायला देताना पॅकेज आणि अ‍ॅड-ऑन या दोन्हींना ‘ऑफर’ म्हणून एकाच चौकटीत बसवले जाते. दोन्हींमुळे बिल वाढते हे खरे. परंतु पॅकेज म्हणजे स्वतंत्रपणेही घेता येणाऱ्या सेवा सवलतीच्या एका दरात एकत्र देणे, तर अ‍ॅड-ऑन म्हणजे मुख्य सेवा चालू असतानाच, सवलतीशिवाय जोडलेली थोड्या मिनिटांची सेवा.

जुळे सोलापुरातील मध्यम दराच्या सलूनचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. हेअरकटचे २५० रुपये आणि ३० मिनिटे, हेअर स्पाचे ९०० रुपये आणि ६० मिनिटे. दोन्हींचे पॅकेज १,००० रुपयांना दिले, तर खुर्चीला मिनिटामागे सुमारे ११ रुपये मिळतात. नुसत्या हेअरकटमध्ये ते ८ च्या आसपास असतात. म्हणून मंगळवारच्या रिकाम्या दुपारी पॅकेज परवडते. रविवारी मात्र, बाहेर माणसे थांबलेली असताना, नुसता स्पा मिनिटामागे १५ रुपये देतो, आणि जे ग्राहक एरवीही दोन्ही सेवा घेणारच होते, त्यांना आपण १५० रुपये विनाकारण सोडतो. याउलट स्पामध्येच १० मिनिटांचे स्काल्प स्क्रब २०० रुपयांना जोडले, तर त्या वेळेचे मिनिटामागे २० रुपये होतात. सामानाचा खर्च दोन्हीकडे वजा करावाच लागतो, तरी गर्दीच्या दिवशी अ‍ॅड-ऑनच सरस ठरते, असे माझे मत आहे.

छापील मेन्यूत म्हणूनच अ‍ॅड-ऑन मुख्य सेवेच्या अगदी खाली, किंचित आत सरकवून लिहावे: ‘हेअर स्पा, ६० मिनिटे, ₹९००’ आणि त्याखाली ‘सोबत स्काल्प स्क्रब, १० मिनिटे, +₹२००’. अधिकचे चिन्ह गाळले, तर एकूण दरच २०० आहे असा समज होऊन बिलाच्या वेळी वाद होतो. पॅकेजला वेगळी चौकट द्यावी. तीत समाविष्ट सेवा, एकूण वेळ, सुट्या दरांची बेरीज आणि ‘सोमवार ते गुरुवार’ ही अट दराइतक्याच ठळक अक्षरात असावी.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तू सुटी दिसते, आणि खरी गफलत तिथेच होते. स्क्रब वेगळे टाकले, तर ‘फक्त २०० वाले करायचे आहे’ असा निरोप येतो. त्यामुळे ते स्पाच्या वर्णनातच लिहावे. पॅकेजला मात्र स्वतंत्र नोंद आणि फोटो द्यावा. भिंतीवरच्या कार्डाचा फोटो पाठवणे हा पर्याय नव्हे, कारण मोबाइलवर त्यातील बारीक अक्षरे, म्हणजे नेमकी अ‍ॅड-ऑनची ओळ, वाचता येत नाहीत.

महिनाभर बिलांवर ‘पॅ’ आणि ‘अ‍ॅ’ अशी खूण करावी. ‘पॅ’ची बिले बहुतेक पूर्वी दोन्ही सेवा घेणाऱ्यांचीच निघाली, तर ते पॅकेज मेन्यूतून काढावे किंवा त्यातील एक सेवा बदलावी.