टेन पॉइंट मस्टचं स्कोअरकार्ड: कुठला ठोसा पात्र, आणि कार्ड नेमकं कुठे अडतं

बॉक्सिंगचा जज म्हणून रिंगशेजारी बसायला मिळण्याआधी सरावाची कार्डं भरावी लागतात. खरी लढत चालू असते, तुम्ही बाजूला बसून प्रत्येक फेरीचे गुण लिहिता आणि शेवटी अनुभवी जज तुमचं कार्ड तपासतात. अशी कितीतरी कार्डं परत जाताना मी पाहिली आहेत. भरणाऱ्यांना बॉक्सिंग कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी मनापासून ठोसे मोजले होते, आणि तिथेच ते अडकले होते.

सोपं आहे ते आधी सांगून टाकतो. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण द्यावेच लागतात, म्हणून नावात ‘मस्ट’. हरणाऱ्याला ९. हरणारा एकदा खाली पडला असेल तर साधारणपणे १०-८, दोनदा पडला तर १०-७. बरोबरीची १०-१० नियमात बसते, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तीन मिनिटं बघूनही ठरवता आलं नाही, असाच तिचा अर्थ घेतला जातो.

आता पात्रता. मुठीच्या पुढच्या भागाने, बेल्टच्या वर, डोक्याच्या किंवा धडाच्या पुढून-बाजूने, मध्ये काही आडवं न येता लागलेला ठोसाच मोजायचा. हातावर, खांद्यावर किंवा ग्लोव्हवर अडलेला ठोसा कितीही जोरात वाजला तरी मोजायचा नाही. उघड्या ग्लोव्हची चापटही नाही. समोरच्याची पाठ तुमच्याकडे असताना ठोसा चेहऱ्यावर बसला की ग्लोव्हवर, हे तुम्हाला दिसत नाही. अशा वेळी प्रेक्षकांच्या आरोळीवरून अंदाज बांधू नका, जे दिसलं तेवढंच धरा. तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसवतात ते याचसाठी.

निकष चार आहेत: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. पहिला सगळ्यांत जड. बाकीचे तीन बहुधा तेव्हाच उपयोगी पडतात, जेव्हा पहिल्यावर दोघं जवळजवळ सारखे असतात. नुसतं पुढे चालत राहणं म्हणजे आक्रमण नव्हे. पुढे जाताना ठोसे खात असेल तर तो समोरच्याचंच काम सोपं करतोय.

इथे आकड्यांचा घोळ सुरू होतो. समजा एका फेरीत लाल कोपऱ्याच्या बॉक्सरने ६२ ठोसे मारले, १४ लागले. निळ्याने ३१ मारले, ११ लागले. लालची अचूकता सुमारे २३ टक्के, निळ्याची ३५. फेरी कोणाची? हा प्रश्न विचारला की वर्गात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, लालने मारलेही जास्त आणि लागलेही जास्त. दुसरा म्हणतो, निळा नेमका मारतो. दोघांचीही कार्डं परत जातील, कारण मारलेल्या ठोशांची संख्या हा निकष नाही आणि टक्केवारीही नाही.

ठोसे उघडून बघा. लालच्या १४ पैकी ११ जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे होते, त्यातले बरेच कपाळाला हलकेच टेकलेले. निळ्याच्या ११ पैकी ८ बाजूने वळवून मारलेले हुक किंवा सरळ उजवे होते. दोनदा लालचं डोकं मागे गेलं, एकदा त्याला मिठी मारून वेळ काढावा लागला. ही १०-९ निळ्याची. आता दुसरी फेरी घ्या. लालचे आकडे तेच, पण या वेळी जॅब ठणठणीत बसतायत. निळ्याने फक्त १२ मारले आणि ६ लागले, तेही हलके. निळ्याची अचूकता ५० टक्के आहे, आणि फेरी लालची आहे. कमी मारणाऱ्याची टक्केवारी आपोआप फुगते, हे लक्षात ठेवा. न लागलेले ठोसे कोणाचेच नसतात. त्यांच्यामुळे गुण मिळत नाहीत, तसे कापलेही जात नाहीत.

टीव्हीवर दिसणाऱ्या आकड्यांचंही एक सांगायला हवं. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या पद्धतीत दोन माणसं बसतात, प्रत्येक जण एकाच बॉक्सरकडे बघतो आणि चार कळा दाबतो: जॅब लागला, जॅब चुकला, जोरदार ठोसा लागला, जोरदार ठोसा चुकला. यातला ‘जोरदार’ म्हणजे जॅब सोडून कुठलाही ठोसा. गुडघे वाकवणारा हुक आणि बरगडीला शिवून गेलेला हुक, दोघांसाठी कळ एकच. म्हणून आकडे पडताळणीला ठीक, निकालाला अपुरे. शिवाय गुण लिहिताना जजच्या हातात ते नसतातच.

९ जून २०१२ ची बारा फेऱ्यांची पॅकियाओ-ब्रॅडली लढत बघा. पॅकियाओचे ७५१ पैकी २५३ ठोसे लागले, ब्रॅडलीचे ८३९ पैकी १५९. म्हणजे ब्रॅडलीने जास्त मारले, लागले मात्र पॅकियाओचे ९४ जास्त. तरी दोन जजनी ११५-११३ असा कौल ब्रॅडलीला दिला, तिसऱ्याने तेवढाच पॅकियाओला. एकूण बेरजेवरून लगेच निकाल चुकीचा ठरवू नका. एका फेरीत ३० विरुद्ध १० लागले तरी १०-९, आणि १४ विरुद्ध ११ लागले तरी १०-९. मोठी आघाडी चार फेऱ्यांत साठलेली असेल तर उरलेल्या आठांचं उत्तर बेरीज देत नाही. इथे मात्र किताब देणाऱ्या डब्ल्यूबीओ या संघटनेने पाच जजना चित्रफीत पुन्हा दाखवली आणि पाचही जणांनी पॅकियाओला विजयी ठरवलं. निकाल तरीही बदलला नाही. याची चीड येते. चुकीचं कार्ड त्या रात्रीच थांबवलं नाही तर पुढे दाद कोणाकडे मागायची?

दुसरी अडचण नॉकडाउनच्या हिशेबाची. २०१८ च्या फ्युरी-वाइल्डर लढतीत फ्युरी नवव्या आणि बाराव्या फेरीत पडला. एका जजचं कार्ड ११३-११३ आलं आणि लोकांना वाटलं, याने फेऱ्या सहा-सहा वाटल्या. तसं नाही. फ्युरीला सात फेऱ्यांचे ७०, हरलेल्या तीन साध्या फेऱ्यांचे २७, पडलेल्या दोन फेऱ्यांचे १६, मिळून ११३. वाइल्डरला जिंकलेल्या पाचचे ५० आणि हरलेल्या सातचे ६३, तेही ११३. सात फेऱ्या जिंकूनही बरोबरी, कारण दोन नॉकडाउननी दोन जादा गुण नेले. म्हणून ‘मागच्या फेरीत जरा कडक झालो, या फेरीत भरून देतो’ असं कधीही करू नका. प्रत्येक फेरी शून्यापासून.

रेफ्रीने गुण कापला तर घाई नको. आधी कपात झालीच नाही असं समजून फेरी लिहा, मग कपातीच्या रकान्यात १ टाका. जिंकणाऱ्याचा गुण गेला तर ९-९, हरणाऱ्याचा गेला तर १०-८. ही वजाबाकी जजने करायची की टेबलावरच्या अधिकाऱ्याने, हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. लढतीआधी विचारून घ्या. दोघांनीही एकच गुण वजा केलेलं कार्ड मी डोळ्यांनी पाहिलंय.

गुणांची चिठ्ठी फेरी संपल्यावर एका मिनिटाच्या विश्रांतीतच द्यायची असते. पुढच्या घंटेनंतर सुचलेला विचार चालत नाही. देण्याआधी फेरीचा क्रमांक आणि सही बघा, आणि लाल-निळा रकाना बोट ठेवून तपासा. फेरी अचूक ओळखून १० भलत्याच रकान्यात लिहिणारे दर वेळी एक-दोन तरी निघतात.