क्लिक १.३५०२ ला, सौदा १.३५०४ ला

स्क्रीनवर युरो-डॉलरचा खरेदीचा भाव १.३५०२ दिसतो, आपण ‘बाय’ दाबतो आणि सौदा नोंदला जातो १.३५०४ ला. फरक दोन पिपचा, पिप म्हणजे भावातला चौथा दशांश. एक लॉट म्हणजे एक लाख युरो, आणि त्यावर एका पिपला दहा डॉलर, म्हणजे वीस डॉलर गेले. या फरकाला बाजारात स्लिपेज म्हणतात. ब्रोकरने सौदा न करताच ‘भाव बदलला, १.३५०४ ला घेता का?’ असं विचारलं, तर तो रिकोट.

रिकोट ही संगणकाची देणगी नाही. फोनवर सौदे व्हायचे तेव्हाही डीलर भाव सांगायचा, आणि समोरचा ‘घेतो’ म्हणेपर्यंत बाजार हलला तर नवा भाव सांगायचा. किरकोळ ग्राहकासाठी ऑनलाइन प्लॅटफॉर्म आले तेव्हा हीच पद्धत सॉफ्टवेअरमध्ये उतरली. २००५ साली आलेल्या मेटाट्रेडर ४ या सौद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हा होत्या. ‘इन्स्टंट एक्झिक्युशन’मध्ये दिसलेल्या भावालाच सौदा होतो, नाहीतर रिकोट येतो, किती पॉइंटचा फरक चालेल, हे ग्राहक आधी ठरवून ठेवू शकतो. ‘मार्केट एक्झिक्युशन’मध्ये रिकोट नसतो, ऑर्डर पोचेल तेव्हा जो भाव असेल तो पदरात पडतो.

ऑर्डर पोचायला वेळ लागतोच. स्क्रीनवरचा भाव आपल्यापर्यंत येताना थोडा शिळा झालेला असतो, आपलं बोट उशीर करतं, मग ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर आणि तिथून भाव देणाऱ्या बँकेकडे जाते. तेवढ्यात भाव वर गेला तर खरेदीदाराचं नुकसान, खाली आला तर फायदा. शांत बाजारात दोन्ही गोष्टी साधारण सारख्याच वेळा घडायला हव्यात. खरी गोम इथेच होती.

न्यूयॉर्कच्या एफएक्ससीएम या चलन-ब्रोकर कंपनीचं प्रकरण त्यासाठी पाहण्यासारखं आहे. आपण ग्राहकाविरुद्ध सौदे करत नाही, ऑर्डर सरळ बँकांकडे जाते, ही या कंपनीची जाहिरात. वरच्याच उदाहरणात बँकेकडचा भाव १.३५०४ झाला तर ग्राहकाला १.३५०४ लागायचा. तो १.३५०० ला उतरला, तर कंपनीला युरो १.३५०० ला मिळायचे, पण ग्राहकाच्या खात्यात १.३५०२ लिहिलं जायचं. मधले वीस डॉलर कंपनीचे. ग्राहकाला शंका येण्याचं कारणच नव्हतं, कारण त्याने क्लिक केलेला भाव त्याला मिळालेलाच असायचा!

ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फ्युचर्स असोसिएशनने कंपनीला २० लाख डॉलर दंड केला. ऑक्टोबरमध्ये तिथल्या सीएफटीसी या नियामकाने आणखी ६० लाख डॉलर दंड लावला आणि सुमारे ८२ लाख डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. ब्रिटनच्या एफसीए या नियामकाने फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या शाखेला ४० लाख पौंड दंड केला. तो ऑगस्ट २००६ ते डिसेंबर २०१० या काळातल्या सौद्यांसाठी होता. चार वर्षं हे चाललं आणि एकेका ग्राहकाला त्याचा पत्ता लागला नाही, हे मला दंडाच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

रिकोटमध्येही हाच डाव खेळता येतो: भाव ग्राहकाच्या बाजूने सरकला तर जुन्या भावाला सौदा मुकाट्याने मान्य, विरुद्ध सरकला तर रिकोट. म्हणून आपल्या नोंदी तपासायच्या तर मागितलेला आणि मिळालेला भाव शेजारी शेजारी लिहावेत, आणि ऑर्डरचे प्रकार वेगळे ठेवावेत. तोटा थांबवण्यासाठी लावलेली स्टॉप ऑर्डर भाव विरुद्ध जात असतानाच जागी होते, त्यामुळे तिचं स्लिपेज बहुधा तोट्याचंच असतं. लिमिट ऑर्डर ठरवल्यापेक्षा वाईट भावाला होतच नाही. साध्या मार्केट ऑर्डरींमध्ये मात्र शेकडो सौद्यांनंतरही फायद्याचं स्लिपेज जवळजवळ नसेल, तर विचारपूस करावी.

प्रत्येक मोठं स्लिपेज लबाडीचं नसतं. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसाठी राखलेली १.२० फ्रँकची किमान मर्यादा अचानक सोडली. १.२० च्या जरा खाली स्टॉप लावून निश्चिंत बसलेल्यांसाठी त्या भावाला घेणारंच कुणी उरलं नव्हतं, आणि सौदे पुष्कळ खाली जाऊन झाले. एफएक्ससीएमच्याच ग्राहकांकडे मिळून सुमारे २२.५ कोटी डॉलरची येणी उभी राहिली.

आपल्याकडे परदेशी ब्रोकरच्या ॲपवर असे सौदे करायला फेमा कायद्याने मुभा नाही, आणि रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी जाहीर करते. एनएसईवर डॉलर-रुपया फ्युचर्स २००८ च्या ऑगस्टपासून आहेत. तिथे रिकोट येत नाही, कारण भाव बदलून सांगणारा डीलर मध्ये नसतो. मार्केट ऑर्डर मात्र तिथेही घसरते: समोरच्या भावाला पुरेसे लॉट नसले की उरलेले पुढच्या भावाला लागतात.