अनवतीर्ण वृषण

बाळाच्या अंडकोशाच्या पिशवीत एक किंवा दोन्ही वृषणे (बोलीभाषेत गोट्या) हाताला न लागणे. गर्भात वृषण पोटात तयार होते आणि जन्माच्या सुमारास जांघेतून पिशवीत उतरते. ही वाट अर्धी राहिली, तर वृषण बहुधा जांघेत, क्वचित पोटातच अडकते. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी दोन ते चार जणांत जन्मतः असे आढळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच जास्त असते.

पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या शरीरात पुरुष संप्रेरक वाढते आणि बरीच वृषणे आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर तशी शक्यता फार थोडी. म्हणून सहा महिने वाट पाहायची, त्यानंतर बालशल्यचिकित्सकाला दाखवायचे आणि सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करायची. शरीराच्या उष्णतेत राहिलेल्या वृषणातील बीजपेशी पहिल्या वर्षापासूनच घटू लागतात. ‘मोठा झाला की उतरेल’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिलासा इथे महागात पडतो. पुढे वंध्यत्वाचा आणि वृषणाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वेळेवरच्या शस्त्रक्रियेने तो कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

समजा, लालबागमधले एक बाळ दोन महिने आधी जन्मले आणि लसीकरणाच्या वेळी त्याची उजवी पिशवी रिकामी दिसली. त्याचे सहा महिने मूळ अपेक्षित तारखेपासून, म्हणजे जन्मापासून आठ महिन्यांपर्यंत मोजायचे. तेव्हाही वृषण जांघेतच लागले, तर शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या ठिकाणी बालशल्यचिकित्सा विभाग आहे.

निदान हाताने होते. डॉक्टर हात ऊबदार करून जांघेच्या वरून पिशवीकडे बोटे सरकवत आणतात. थंडीने किंवा स्पर्शाने वर ओढले जाणारे, पण खाली आणून सोडल्यावर काही वेळ पिशवीत टिकणारे वृषण वेगळे. गरम पाण्याच्या अंघोळीत ते आईला किंवा मालिशवाल्या बाईंना सहज दिसते. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, मात्र ते पुढे कायमचे वर जाऊ शकते. त्यामुळे वयात येईपर्यंत दरवर्षी तपासावे. अनेक पालक आधी सोनोग्राफी करून येतात. पण पोटातले वृषण तिच्यात निसटू शकते, आणि ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे ठरत नाही.

शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन जांघेत छोटा छेद घेतात, सोबत असलेली हर्नियाची पिशवी बांधतात, रक्तवाहिन्या मोकळ्या करून वृषण खाली आणतात आणि अंडकोशाच्या त्वचेखाली कप्पा करून तिथे बसवतात. बाळ बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाते. वृषण भुलेखालीही हाताला लागले नाही, तर दुर्बिणीने पोटात शोधतात. रक्तवाहिन्या फार आखूड असल्यास काम दोन टप्प्यांत, काही महिन्यांच्या अंतराने होते.

नवजात बाळाची दोन्ही वृषणे लागत नसतील, तर सहा महिने थांबायचे नसते. मुलासारखे दिसणारे हे बाळ मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार असलेली मुलगी असू शकते. त्या विकारात पहिल्या काही आठवड्यांत शरीरातले मीठ जीवघेणे घटते. म्हणून घरी सोडण्यापूर्वीच रक्तातील संप्रेरके आणि क्षार तपासतात.