तू, तुम्ही, आपण : संदेशलेखनातील संबोधने

मराठीत एकाच व्यक्तीला उद्देशून तू, तुम्ही आणि आपण ही तीन सर्वनामे येतात. एकेरीने बोलण्याला अरेतुरे करणे व आदराने बोलण्याला अहोजाहो करणे म्हणतात. घरात, कचेरीत कोणी कोणाला काय म्हणावे हे वाचकाच्या परिचयाचे आहे. येथे विचार आहे तो लिखित संदेशांत ही निवड बदलते तेव्हाचा.

एका व्यक्तीसाठी बहुवचन वापरण्याची रीत नेमकी कधीची, याबद्दल एकमत नाही. ती फारसी दरबारी शिष्टाचारातून आली असे मानण्याकडे काहींचा कल असतो. परंतु ज्ञानेश्वरीच्या (परंपरेनुसार शके 1212, म्हणजे इ.स. 1290) तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच अर्जुन कृष्णाला ‘देवा तुम्हीं’ म्हणतो, आणि अलाउद्दीन खलजीची देवगिरीवरील स्वारी 1296 ची आहे. यावर आक्षेप असा, की उपलब्ध पोथ्या नंतरच्या आहेत आणि एकनाथांनी शके 1506 च्या सुमारास पाठशुद्धी केल्याचे सांगितले जाते. तेव्हा एखाद्या सर्वनामावर फार भार टाकू नये. तरीही संस्कृतातही आदरार्थी बहुवचन असल्याने ही वाढ मुळात देशी असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याच ग्रंथात कृष्णासाठी ‘तूं’ही येते. आदर आणि जवळीक यांची सरमिसळ तेव्हापासूनची आहे.

‘आपण’ हे आत्मन् या शब्दापासून प्राकृत अप्पा, अप्पाण अशा रूपांतून आले. मूळ अर्थ ‘स्वतः’. हिंदीतील ‘आप’ त्याच कुळातले असल्याने परस्परांचा प्रभाव किती आणि स्वतंत्र वाढ किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

संदेशांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट क्रियापदात आहे. मराठीत सर्वनाम सहज गाळले जाते आणि नाते क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर येऊन ठरते: पाहिलीस की पाहिलीत, येशील की याल, पाठव की पाठवा. हे अक्षरही गाळले, की वाक्य तटस्थ होते. ‘फाइल पाहिली का?’ हे मित्रालाही चालते आणि वरिष्ठालाही. ‘जेवण झालं का?’, ‘कधी येणं होणार?’, ‘फोन करता येईल का?’ ही वाक्येही कर्त्याला बाजूला ठेवतात. समोरच्याला काय म्हणावे हे ठरलेले नसते, तेव्हा लिहिणारा याच वाक्यांचा आसरा घेतो.

एका कार्यालयात नव्याने आलेला कर्मचारी थोड्या मोठ्या सहकाऱ्याला लिहितो: ‘सर, फाइल पाठवली आहे. आपण पाहून घ्यावी.’ काही दिवसांनी ‘तुम्ही पाहिलीत का?’ येते. सहकारी ‘सर काय, नावाने हाक मार’ असे कळवतो. यानंतर लगेच ‘पाहिलीस का?’ येत नाही. बराच काळ ‘पाहिली का?’ एवढेच येत राहते. मग एखाद्या घाईच्या संध्याकाळी ‘अरे, बघितलीस का?’ निसटते, आणि उत्तर नेहमीसारखे आले की ते पक्के होते. या दोघांत ‘तू’ म्हणण्याची मुभा मोठ्याने दिली. धाकट्याने ती वापरायला वेळ घेतला.

उलट दिशेचा बदल असा टप्प्याटप्प्याने होत नाही. वर्षानुवर्षे अरेतुरे असलेल्या मैत्रिणीकडून ‘बरं. तुम्ही ठरवा, मला कळवा.’ असे आले, की रुसवा कळतो. ‘आपण मोठी माणसं’ यात टोमणा अधिक उघड आहे. लटका राग की खरा, हे पुढच्या संदेशावरून ओळखता येते: लटका असेल तर पुढे ‘तू’ परत येते, ‘तुम्ही’ टिकले, तर दुरावा खरा.

‘आपण’मध्ये वेगळा घोटाळा होतो, कारण ते बोलणारा व ऐकणारा दोघांसाठीही आहे. ‘आपण जाऊ’ आणि ‘आपण जाल’ यांत संदिग्धता नाही. पण ‘आपण रविवारी येणार का?’ यात बोलावणे आहे की सोबतीचा प्रस्ताव, हे शब्दांवरून ठरत नाही. ‘आपण ठरवलंत’मधला ‘त’ घाईत सुटला, तर दुसऱ्याचा निर्णय दोघांचा होऊन बसतो.

क्रियापदावरून नाते वाचण्याला मर्यादाही आहेत. विदर्भासह अनेक भागांत ‘तू आला का?’ असे ‘स’ नसलेले रूपच सहज आहे. तिथे ‘आला का?’ ही तटस्थता नसून साधी एकेरी असते. याउलट ‘येता’ हे रूप स्त्री-पुरुष दोघांना सारखेच लागते, तर एकेरीत येतोस किंवा येतेस यांतून एक निवडावे लागते. त्यामुळे अनोळखी क्रमांकावर लिहिताना ‘तुम्ही’ आदराइतकेच सोयीचेही ठरते. गटसंदेशांत ‘तुम्ही’ मुळातच अनेकवचनी असल्याने त्यावरून अंतर मोजता येत नाही.