मनसर : एक टेकडी, दोन दावे

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की रामटेकचा फाटा येण्याआधी मनसर लागतं. मँगनीजच्या खाणींमुळे या गावाचं नाव आधीपासूनच माहीत होतं. गावालगत तळ्याजवळ एक टेकडी आहे. गावकरी तिला हिडिंबा टेकडी म्हणतात आणि महाभारतातल्या हिडिंबेशी तिचा संबंध जोडतात. टेकडीच्या पोटात विटांचं अवाढव्य बांधकाम निघालं. ते कोणाचं, यावर अभ्यासकांत आणि श्रद्धावंतांत दोन दावे उभे आहेत. एक दावा असा की हे आचार्य नागार्जुनांचं बौद्ध स्थान आहे. दुसरा असा की वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने बांधलेलं हे प्रवरेश्वराचं शिवमंदिर आहे. इथे दंगा झालेला नाही की कोर्टकज्जे गाजलेले नाहीत. म्हणूनच पवित्र स्थळाबद्दलचे परस्परविरोधी दावे नेमके कशावर उभे राहतात, हे इथे शांतपणे तपासता येतं.

बौद्ध दाव्यामागची भावना नागपुरात रुजलेली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं हे सांगताना त्यांनी बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा दाखला दिला. त्यामुळे या भागात नागार्जुनाचं नाव घेतलं की ते केवळ एका तत्त्वज्ञाचं नाव राहत नाही. जपानमध्ये जन्मलेले आणि पुढे भारतीय नागरिक झालेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांनी नागपुरात आयुष्य काढलं. आपल्याला नागपूरला येण्याचा आदेश स्वप्नदृष्टान्तात नागार्जुनांनीच दिला, अशी हकीकत ते स्वतः सांगतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने मनसरला उत्खनन सुरू झालं. त्याचं नेतृत्व जगतपती जोशी आणि अरुणकुमार शर्मा या पुरातत्त्वज्ञांनी केलं. खर्चाची उमेद श्रद्धेतून आली आणि खोदकाम व्यावसायिक माणसांनी केलं. या एका कारणाने उत्खननावर संशय घेणं योग्य नाही, असं या नोंदीचं मत आहे. निष्कर्ष मात्र वेगळे तपासावे लागतात.

नागार्जुनाचा आधार मुख्यतः ग्रंथांत आहे. तिबेटी परंपरा त्यांचा जन्म विदर्भात झाल्याचं सांगते. सातव्या शतकातला चिनी प्रवासी युआन श्वांग कोसल देशात नागार्जुनासाठी राजाने डोंगर पोखरून बांधलेल्या विहाराचं वर्णन करतो आणि त्याचे पाच मजले होते असं म्हणतो. इथे अडचण येते. मनसरचं काम विटांचं आहे, डोंगर पोखरून केलेलं नाही. शिवाय नागार्जुनाच्या नावाची स्थळं एकाहून अधिक आहेत. आंध्रातलं नागार्जुनकोंडा सर्वांना ठाऊक आहे, आणि रामटेकच्या परिसरातही नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. किमयागार नागार्जुन आणि माध्यमिक मताचे आचार्य नागार्जुन एकच की वेगळे, हाही प्रश्न आहेच. आचार्यांचा काळ साधारण इसवी सनाचं दुसरं शतक मानला जातो. वाकाटक बांधकाम त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी आलं.

शिवमंदिराच्या बाजूचा पुरावा जवळून पाहण्यासारखा आहे. 1972 मध्ये मनसरला शिवाची एक अत्यंत सुंदर दगडी मूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि शैलीवरून ती पाचव्या शतकातली ठरवली जाते. उत्खननात भाजलेल्या मातीवरचा मुद्रांकही मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरांत ‘प्रवरेश्वरस्य’, म्हणजे ‘प्रवरेश्वराचा’ असा शब्द आहे. नेदरलँड्सचे संस्कृतज्ञ हान्स बाकर यांनी या पुराव्यावरून मनसर हेच प्रवरेश्वराचं स्थान आणि प्रवरपुर, अशी मांडणी केली. त्यांच्या आधी नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी प्रवरपुर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं म्हटलं होतं. म्हणजे एकट्या हिंदू दाव्यातही एकमत नव्हतं. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्त, चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी. रिद्धपूरचा तिचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पायाशी’ असताना दिलेला आहे, आणि रामगिरी म्हणजे रामटेक असं मिराशींचं मत बहुतेकांनी मान्य केलं. रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनला, प्रभावतीचा मुद्रांक अलीकडच्या उत्खननात मिळाला. त्यामुळे या परिसरात वाकाटकांचा राबता होता, यात आता शंका उरलेली नाही.

पण मुद्रांकाची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. मुद्रांक म्हणजे गाठोड्याला किंवा पत्राला लावलेल्या मातीच्या गोळ्यावर उमटवलेला शिक्का. शिक्का देवस्थानात राहतो, पण गोळा गाठोड्याबरोबर फिरतो. म्हणून एका ठिकाणी मुद्रांक मिळाला, तर ते देवस्थान तिथेच होतं असं लगेच सिद्ध होत नाही. तिथून आलेलं सामान उघडलं गेलं, इतकंच ठरतं. बाकरांची मांडणी टिकते ती मुद्रांक, मूर्ती, वाकाटक काळाचं बांधकाम आणि राजघराण्याचा परिसर हे सगळं एकाच जागी येतं म्हणून. यातला एक धागा काढला तर बाकीचे सैल होतात, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

नेहमीची चूक याच ठिकाणी होते. ‘मंदिर सिद्ध झालं, म्हणून विहार नव्हता’ असं एका बाजूने म्हटलं जातं, आणि ‘खाली जुना थर आहे, म्हणून वरचं मंदिर परकं’ असं दुसऱ्या बाजूने. दोन्ही वाक्यं पुराव्याच्या पुढे धावतात. एका टेकडीत थरावर थर असतो. पाचव्या शतकातला थर शैव असेल, तर त्याखालचा दुसऱ्या शतकातला थर बौद्ध असू शकतो. तो तसा होता हे मात्र त्याच थरातल्या वस्तूंवरून दाखवावं लागतं, ग्रंथातल्या नावावरून नाही. बौद्ध दावा भक्कम करायचा तर वाकाटक विटांच्या खालून, न ढवळलेल्या थरातून, स्तूप किंवा विहाराचा आराखडा, बौद्ध मूर्ती किंवा लेख दाखवायला हवा. नुसता गोलाकार विटांचा ढिगारा पुरेसा नाही, कारण ढासळलेल्या मंदिराचा पायाही वरून तसाच दिसतो.

कायद्याच्या बाजूने हा प्रश्न इतर स्थळांपेक्षा निराळा आहे. 1991 च्या प्रार्थनास्थळ कायद्याने 15 ऑगस्ट 1947 रोजीचं धार्मिक स्वरूप कायम ठेवलं, पण 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली येणारी स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं त्यातून वगळली. त्यामुळे मनसरसारख्या ठिकाणी वाद उभा राहतो तो मालकीपेक्षा नावाचा: फलकावर काय लिहायचं, पाहुण्याला कोणती गोष्ट आधी सांगायची. अयोध्येच्या 9 नोव्हेंबर 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही उत्खननाच्या अहवालाचा विचार केला, पण जमिनीचा हक्क केवळ त्यावरून ठरत नाही असं स्पष्ट केलं.

टेकडीवर चढणारा माणूस तिच्यावर तीन नावं घेऊन जातो: हिडिंबेचं, नागार्जुनाचं, प्रवरेश्वराचं. पहिलं गावाच्या तोंडचं आहे, दुसरं ग्रंथांतलं, तिसरं मातीच्या तुकड्यावरचं. विटा कशा बसवल्या, कोणत्या विटा कोणत्या विटांखाली आहेत, याची नोंद उत्खननाच्या अहवालांत आहे.